विश्लेषण : एक रक्कम, चार थकीत बिले… पैसे आधी कुठल्या बिलात जमा होतात?

‘दादा, साठ हजार पाठवलेत, खात्याला जमा करून घ्या.’ उधारीवर माल देणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर महिन्यातून दोन-चार वेळा असा निरोप येतो. पैसे बँकेत आलेले असतात, पण ते कोणत्या बिलाचे याचा उल्लेख नसतो. बिले चार थकलेली असतात आणि रक्कम एकाशीही जुळत नाही. अशा वेळी पैसे आधी जुन्या बिलात जमा करायचे की नव्या? आणि सगळी बिले फिटून वर काही उरले, तर ते पैसे कोणाचे? याची उत्तरे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात आहेत. ती माहीत नसली की एकूण बाकी बरोबर असूनही हिशेब चुकतो.

नेमका प्रश्न काय?

उदाहरणादाखल एक हिशेब घेऊ. देवनारमध्ये पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारा एक छोटा उद्योजक आहे, असे समजा. चेंबूरमधले एक मिठाई-फरसाणाचे दुकान त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक. माल महिन्यातून एक-दोनदा जातो आणि प्रत्येक बिलाला ३० दिवसांची उधारी ठरलेली आहे. २ जुलैला या दुकानाची चार बिले बाकी आहेत.

• बिल क्र. ११२, ६ एप्रिल : १८,४०० रुपये
• बिल क्र. १३१, २९ एप्रिल : २६,७५० रुपये
• बिल क्र. १५८, २४ मे : २१,३०० रुपये
• बिल क्र. १७७, १५ जून : ९,८५० रुपये

एकूण बाकी ७६,३०० रुपये. त्याच दिवशी दुकानदाराने ६०,००० रुपये पाठवले आणि ‘खात्याला जमा करा’ एवढेच सांगितले. खात्याला म्हणजे कुठे, हे मात्र बॉक्सवाल्याने ठरवायचे आहे.

‘आधी जुने’ या पद्धतीने हिशेब कसा होतो?

पद्धत साधी आहे. बिले जुन्यापासून नव्याकडे लावून घ्यायची आणि आलेली रक्कम वरून खाली ओतत जायची. पहिले बिल पूर्ण भरले की उरलेली रक्कम दुसऱ्यात, ते भरले की तिसऱ्यात. जिथे रक्कम संपेल ते बिल अर्धवट फिटलेले राहते आणि त्याखालच्या बिलांना हात लागत नाही.

६०,००० रुपयांतून बिल क्र. ११२ चे १८,४०० गेले, उरले ४१,६००. त्यातून बिल क्र. १३१ चे २६,७५० गेले, उरले १४,८५०. बिल क्र. १५८ हे २१,३०० रुपयांचे आहे. ते या रकमेत पूर्ण फिटत नाही. म्हणून १४,८५० त्यात जमा झाले आणि त्या बिलाचे ६,४५० रुपये बाकी राहिले. बिल क्र. १७७ चे ९,८५० रुपये जसेच्या तसे उभे आहेत. एकूण बाकी १६,३०० रुपये. ७६,३०० मधून ६०,००० वजा केले तरी उत्तर हेच येते. हा ताळा प्रत्येक वेळी घ्यावा. बिलागणिक बाकीची बेरीज आणि खात्याची एकूण बाकी जुळली नाही, तर वाटपात कुठेतरी चूक आहे.

बाकी तीच राहते, मग फरक कशाने पडतो?

हेच पैसे उलट्या क्रमाने, म्हणजे नव्या बिलापासून जमा केले तर काय होईल, ते पाहू. आधी बिल क्र. १७७ चे ९,८५०, मग १५८ चे २१,३००, मग १३१ चे २६,७५० गेले. उरलेले २,१०० रुपये ११२ मध्ये जमा झाले आणि त्याचे १६,३०० बाकी राहिले. एकूण बाकी पुन्हा १६,३०० रुपयेच!

रक्कम तीच असली, तरी तिचे वय बदलले. पहिल्या पद्धतीत बाकीपैकी ६,४५० रुपयांची मुदत २३ जूनला संपली होती, म्हणजे उशीर फक्त नऊ दिवसांचा. ९,८५० रुपयांची मुदत तर १५ जुलैपर्यंत आहे; ते थकलेलेच नाहीत. दुसऱ्या पद्धतीत सगळेच्या सगळे १६,३०० रुपये ६ एप्रिलच्या बिलाचे आहेत आणि त्यांची मुदत उलटून ५७ दिवस झाले आहेत. पहिल्या हिशेबात हे गिऱ्हाईक थोडे रेंगाळणारे पण चांगले दिसते. दुसऱ्या हिशेबात त्याचा माल थांबवावा, असे वाटू लागते.

बिलाचे वय ही केवळ वहीतली बाब नाही, कारण तीन कायदेशीर घड्याळे त्यावर चालतात. पहिले घड्याळ व्याजाचे आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला ठरलेल्या मुदतीत पैसे मिळायला हवेत आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देणे खरेदीदारावर बंधनकारक होते. दुसरे घड्याळ जीएसटीचे. खरेदीदाराने बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेली कराची वजावट त्याला उलटवावी लागते. तिसरे मुदतबाह्यतेचे. उधारीवर विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे उधारीचा काळ संपल्यापासून तीन वर्षे असते. कोणते बिल फिटले आणि कोणते उभे राहिले, यावर ही तिन्ही घड्याळे कधी थांबतात हे ठरते.

मग कायदा काय सांगतो? जुने बिलच आधी, असे बंधन आहे का?

सरसकट नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ५९, ६० आणि ६१ यासाठीच आहेत. त्यांत तीन पायऱ्या आहेत आणि ‘आधी जुने’ ही शेवटची पायरी आहे.

पहिली पायरी : पैसे देणाऱ्याची इच्छा. कलम ५९ प्रमाणे पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत हे देणाऱ्याने सांगितले असेल आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले असतील, तर ते त्याच देण्यात जमा करावे लागतात. दुकानदाराने ‘१५८ आणि १७७ चे पैसे’ असे लिहिले असते, तर बॉक्सवाल्याला ते एप्रिलच्या बिलांकडे वळवता आले नसते. इच्छा शब्दांत सांगायलाच हवी असेही नाही. परिस्थितीवरून ती दिसली तरी पुरते. या कलमाखाली कायद्यानेच एक उदाहरण दिले आहे. एका माणसाची अनेक देणी आहेत. त्यांतल्या ५६७ रुपयांच्या देण्याची मागणी करणारे पत्र येते आणि तो बरोबर ५६७ रुपये पाठवतो. ते पैसे त्याच देण्याचे मानायचे. आपल्या हिशेबात याचा अर्थ असा की, साठ हजारांऐवजी बरोबर २१,३०० रुपये आले असते, तर ते बिल क्र. १५८ चेच आहेत असे धरणे योग्य. संगणकाने आपोआप जुन्या बिलात ढकलले, तरी माणसाने ते दुरुस्त करायला हवे.

दुसरी पायरी : घेणाऱ्याची मर्जी. देणाऱ्याने काहीच सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही कळत नाही, तर कलम ६० नुसार घेणारा आपल्या पसंतीने कोणत्याही कायदेशीर देण्यात पैसे जमा करू शकतो. मात्र ते देणे प्रत्यक्षात देय झालेले असले पाहिजे. २ जुलैला बिल क्र. १७७ ची मुदत संपलेली नव्हती. त्यामुळे नव्या बिलापासून सुरुवात करण्याचा वरचा उलटा हिशेब बॉक्सवाल्याने स्वतःच्या मर्जीने केला असता, तर त्याची पहिलीच नोंद या कलमात बसली नसती. याच कलमात एक अनपेक्षित मुभाही आहे. तीन वर्षे उलटून मुदतबाह्य झालेल्या, म्हणजे दावा लावून वसूल न होणाऱ्या बिलातही घेणारा हे पैसे जमा करू शकतो. दाव्याचा मार्ग बंद झाला म्हणून देणे मिटत नाही.

तिसरी पायरी : काळाचा क्रम. दोघांपैकी कोणीच ठरवले नाही, तर कलम ६१ प्रमाणे पैसे तारखेच्या क्रमाने, सर्वांत जुन्या देण्यापासून जमा होतात. दोन देणी एकाच दर्जाची असतील, तर त्या प्रमाणात वाटणी होते. समजा एकाच दिवशीची ६,००० आणि ४,००० रुपयांची दोन बिले आहेत आणि आले ५,००० रुपये. तर पहिल्यात ३,००० आणि दुसऱ्यात २,००० जमा होतील.

थोडक्यात, ‘आधी जुने’ हा कोणी काही न बोलल्यास लागू होणारा नियम आहे. तरीही बहुतेक व्यापारी दुसऱ्या पायरीवरच स्वतःहून तोच क्रम निवडतात. तो दोन्ही बाजूंना समजतो आणि पुढे वाद झाला तर मनमानी केल्याचा आरोप होत नाही.

हा नियम आला कुठून?

त्यामागे लंडनमधला १८१६ चा एक गाजलेला खटला आहे. डेव्हेन्स विरुद्ध नोबल हे त्याचे नाव. ‘क्लेटनचा खटला’ म्हणून तो जास्त ओळखला जातो. एका खासगी बँकेतील भागीदाराचा मृत्यू झाला, उरलेल्या भागीदारांनी बँक चालू ठेवली आणि पुढे ती बुडाली. क्लेटन या खातेदाराने भागीदाराच्या मृत्यूनंतर खात्यातून पैसे काढले होते आणि भरलेही होते. मृत भागीदाराच्या मालमत्तेतून जुनी शिल्लक मागता येईल का, हा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की चालू खात्यात जे आधी भरले तेच आधी काढले गेले असे मानायचे. त्यामुळे मृत्यूच्या वेळची शिल्लक नंतरच्या काढलेल्या रकमांत संपली होती आणि त्या मालमत्तेवर हक्क उरला नव्हता. बॉक्सवाल्याच्या वहीसारखाच तिथेही एकूण आकडा एकच होता. पैसे ‘कोणत्या तारखेचे’ यावर निकाल फिरला.

‘जुने’ बिलाच्या तारखेवरून ठरवायचे की मुदतीवरून?

सगळ्या बिलांना सारखीच उधारी असेल, तर दोन्ही क्रम एकच येतात. पण एका बिलाला ४५ दिवस आणि त्यानंतरच्या बिलाला सात दिवस दिले असतील, तर नंतरचे बिल आधी देय होते. व्याज आणि कलम ६० या दोन्हींचा संबंध देय होण्याशी आहे. त्यामुळे अशा वेळी मुदत संपण्याच्या तारखेने क्रम लावणे सुरक्षित. कोणताही क्रम घेतला तरी तो एका गिऱ्हाइकासाठी वर्षभर तोच ठेवावा.

वादातल्या बिलाचा मुद्दा वेगळा आहे. समजा बिल क्र. १३१ मधले काही बॉक्स भिजलेले निघाले आणि दुकानदाराने तसे कळवले आहे. तरीही आलेले पैसे आंधळेपणाने त्या बिलात जमा केले, तर कागदावर ते बिल पूर्ण फिटलेले दिसते आणि वाद दुसऱ्याच बिलाच्या बाकीवर जाऊन बसतो. दोन महिन्यांनी ‘१५८ चे पैसे का थांबवले?’ असा फोन जातो आणि समोरचा म्हणतो, ‘ते नव्हे, भिजलेल्या मालाचे कापले.’ म्हणून वादातली रक्कम बाजूला ठेवून, न वादातल्या रकमेवर जुन्यापासून क्रम चालवावा. भरपाई मान्य झाली तर तिची क्रेडिट नोट त्याच बिलावर लावावी. क्रेडिट नोट म्हणजे आलेले पैसे नव्हेत. ती रांगेत जुन्या बिलाकडे पाठवायची नसते.

बिले फिटून पैसे उरले, तर ते कोणाचे?

आता पुढची तारीख. २० जुलैला दुकानदाराने गोळाबेरीज करून २०,००० रुपये पाठवले. बाकी १६,३०० होती. त्यातून बिल क्र. १५८ चे उरलेले ६,४५० आणि १७७ चे ९,८५० फिटले. ३,७०० रुपये वर राहिले.

हे ३,७०० रुपये बॉक्सवाल्याच्या बँकेत असले तरी त्याची कमाई नाहीत. माल अजून गेलेला नाही. तो जाईपर्यंत ही रक्कम म्हणजे बॉक्सवाल्याचे देणे आहे. वहीत ती ‘ग्राहकाकडून आगाऊ’ म्हणून त्या दुकानाच्या नावावर उभी राहते. २८ जुलैला १२,२०० रुपयांचे बिल क्र. २०३ निघाले की हे ३,७०० त्यात वळते होतात आणि दुकानदाराने द्यायचे उरतात ८,५००. बिलावर किंवा सोबतच्या निरोपात हे वजा केल्याचे दिसले पाहिजे. नाहीतर दुकानदार पूर्ण १२,२०० पाठवतो आणि आगाऊ रक्कम फुगत जाते.

इथे एक मर्यादा आहे. दुकानदाराने २०,००० जाणूनबुजून पाठवले असतील तर ती आगाऊ रक्कम. पण तीच रक्कम चुकून दोनदा गेली असेल आणि तो परत मागत असेल, तर ‘पुढच्या मालात वळती करू’ असे म्हणून ती अडवता येत नाही. चुकून दिलेले पैसे परत केलेच पाहिजेत, असे करार कायद्याचे कलम ७२ सांगते. म्हणून जास्त रक्कम दिसताच त्याच दिवशी विचारावे : ठेवू की परत करू? परत करायची तर ती ज्या खात्यातून आली, त्याच खात्यात करावी.

३१ मार्चला ताळेबंद करतानाही ही रक्कम नीट ठेवावी लागते. बाकी गिऱ्हाइकांकडून २,००,००० रुपये येणे आहे आणि या दुकानाचे ३,७०० जमा आहेत, तर येणे १,९६,३०० लिहिणे चूक. येणे दोन लाख हे एका बाजूला आणि देणे ३,७०० हे दुसऱ्या बाजूला दाखवायचे. एका गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेने दुसऱ्याची उधारी कमी होत नाही.

या आगाऊ रकमेवर जीएसटी भरावा लागतो का?

माल विकणाऱ्याला सहसा नाही. कंपोझिशन योजनेत नसलेल्या नोंदणीकृत विक्रेत्यांना मालासाठी आलेल्या आगाऊ रकमेवर त्या वेळी कर भरण्यापासून १५ नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेने मोकळीक मिळाली. कर बिल निघते तेव्हाच लागतो. बॉक्सवाल्याच्या ३,७०० रुपयांवर २० जुलैला काही भरायचे नाही. २८ जुलैच्या बिलावर नेहमीप्रमाणे कर येईल.

सेवा देणाऱ्यांचे मात्र वेगळे. वाहतूक, दुरुस्ती, छपाईचे मजुरीकाम, डिझाइन अशा सेवांसाठी आगाऊ पैसे आले की कर त्याच वेळी लागू होतो आणि बिलाऐवजी ‘रिसीट व्हाउचर’ द्यावे लागते. आलेली रक्कम करासह धरतात. १८ टक्के दर असलेल्या सेवेसाठी ३,७०० रुपये वर आले, तर त्यात सुमारे ५६४ रुपये कराचे. पुढे सेवा न देता पैसे परत केले, तर ‘रिफंड व्हाउचर’ द्यायचे. या नियमात गोळाबेरीज करून पैसे देणाऱ्यांचा विचार केलेला आहे. बिलापेक्षा १,००० रुपयांपर्यंत जास्त आले, तर त्या जादा रकमेवरचा कर पुढच्या बिलाच्या तारखेला धरण्याची मुभा सेवा देणाऱ्याला आहे. १,००० च्या वर गेले की ही मुभा नाही.

टॅलीमध्ये ही नोंद कशी होते?

छोट्या उद्योगांत बहुतेक ठिकाणी टॅली असते, पण ही सोय अनेकदा बंदच असते. गिऱ्हाइकाच्या लेजरमध्ये `Maintain balances bill-by-bill` समोर `Yes` असेल, तरच बिलागणिक हिशेब राहतो. मग पैसे आल्याची `Receipt` नोंद करताना रक्कम कशापोटी, हे टॅली विचारते आणि चार पर्याय देते.

`Agst Ref` म्हणजे आधीच्या बिलापोटी. साठ हजारांच्या नोंदीत हा पर्याय तीनदा येईल : ११२ साठी १८,४००, १३१ साठी २६,७५० आणि १५८ साठी १४,८५०. `Advance` म्हणजे आगाऊ. २० जुलैच्या नोंदीत ६,४५० आणि ९,८५० `Agst Ref` मध्ये, तर ३,७०० `Advance` मध्ये जातील. `New Ref` हा नव्या बिलासाठी असतो. २८ जुलैचे विक्री बिल टाकताना ३,७०० रुपये जुन्या आगाऊ नोंदीसमोर `Agst Ref` ने वळते करायचे आणि उरलेले ८,५०० `New Ref` मध्ये ठेवायचे.

चौथा पर्याय `On Account`, म्हणजे नुसतेच ‘खात्याला जमा’. घाईत हाच निवडला जातो. पैसे कशाचे हे खरोखर कळत नसेल, तर दोन-चार दिवसांसाठी तो ठीक आहे. पण साठ हजार तिथेच पडून राहिले, तर एकूण बाकी बरोबर १६,३०० दिसते आणि थकबाकीच्या यादीत मात्र चारही बिले उभी राहतात. ६ एप्रिलचे बिल २ जुलैला ८७ दिवसांचे जुने म्हणून झळकते आणि पैसे देऊन बसलेल्या माणसाला वसुलीचा फोन जातो.

चुका कुठे होतात आणि कशा ओळखायच्या?

पहिली चूक पैसे आल्याबरोबरच होते. यूपीआयवर पैसे दुकानाच्या नावाऐवजी मालकाच्या भावाच्या खात्यातून येतात. एकाच मालकाच्या दोन फर्म असतात. दोन फर्म म्हणजे दोन वेगळे देणेकरी. एकीची आगाऊ रक्कम दुसरीच्या बिलात वळती करायची, तर दोघींची लेखी संमती हवी. त्यामुळे बिलांच्या रांगेला हात लावण्याआधी ‘पैसे नक्की कोणाचे?’ हे पक्के करावे.

दुसरी चूक टीडीएसची. मोठा खरेदीदार कर कापून पैसे पाठवतो. बँकेत कमी रक्कम येते, पण बिल पूर्ण फिटलेले असते. कापलेला कर नोंदवला नाही, तर प्रत्येक बिलाच्या शेवटी बारीक बाकी उरते. ‘आधी जुने’ पद्धतीत पुढचे पैसे आले की ती शेपूट आधी भरली जाते आणि नव्या बिलात तेवढीच नवी शेपूट तयार होते. प्रत्येक महिन्यात बिलाच्या एकाच ठरावीक टक्क्याएवढी बाकी राहत असेल, तर कारण बहुधा हेच.

तिसरी चूक न वटलेल्या चेकची. चेक परत आला की तो ज्या बिलांत जमा केला होता ती सगळी बिले पुन्हा उघडायला हवीत, तीही मूळ तारखेने. अनेक जण परत आलेल्या चेकची नव्या तारखेने एक नवीन बाकी तयार करतात. मग ८७ दिवसांची थकबाकी एका दिवसाची होते आणि व्याजाचा, मुदतीचा हिशेब मोडतो.

या चुका शोधण्याची सोपी खूण म्हणजे एकाच गिऱ्हाइकाच्या नावावर एकाच वेळी जुने थकीत बिलही दिसणे आणि जमा रक्कमही दिसणे. वादातली रक्कम सोडली तर हे दोन्ही एकत्र असण्याचे कारण नसते. महिन्याच्या अखेरीस अशी नावे बाजूला काढली, की बहुतेक गोंधळ तिथेच सापडतो.

पैसे देणाऱ्याने काय करावे?

कायद्याने पहिला हक्क त्यालाच दिला आहे, पण तो पैसे देतानाच वापरायचा असतो. यूपीआय करताना नोंदीच्या जागेत ‘बिल ११२, १३१’ एवढे लिहिले किंवा त्याच वेळी निरोप पाठवला, तरी पुरते. न लिहिल्यास निवड समोरच्याकडे जाते, अगदी मुदतबाह्य झालेल्या जुन्या बिलापर्यंत. १८० दिवसांच्या काठावर आलेले एखादे बिल असेल, तर त्याचा नंबर लिहायला विसरू नये.

आणि घेणाऱ्याने वाटप केल्यावर गप्प बसू नये. ‘६०,००० मिळाले. ११२ आणि १३१ पूर्ण, १५८ मध्ये १४,८५०. बाकी : १५८ चे ६,४५०, १७७ चे ९,८५०.’ एवढा निरोप त्याच दिवशी पाठवावा. दुकानदाराच्या मनात वेगळी बिले असतील तर तो लगेच सांगेल. एकदा असे कळवल्यावर मग सोयीप्रमाणे वाटप बदलू नये. वर्षअखेरीस दोघांच्या वह्या समोरासमोर आल्या, की हाच निरोप दोन्हीकडे सारखा सापडतो.